भांडी-धुण्याने हाताला पडलेल्या भेगा

प्रश्न: भांडी-कपडे धुऊन बोटांना भेगा पडल्यात, मीठ-लिंबू लागलं की आग होते. क्रीम लावूनही फरक नाही. काय करू?

उत्तर: डिटर्जंट भांड्यांच्या तेलकटपणाबरोबर त्वचेतली स्निग्धताही काढून नेतं, मग आतलं पाणी उडून कातडी फाटते. म्हणून दिवसातून एकदा क्रीम लावून भागत नाही. दर धुण्यानंतर हात टिपा आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावा. काम करताना अंगठी काढून ठेवा, साबण तिच्याखालीच साचतो. रबरी हातमोज्यांच्या आत पातळ सुती मोजे घाला, नाहीतर घामाने त्रास वाढतो. भेगा भरल्या तरी हे काही महिने चालू ठेवा. वरून बरी दिसणारी त्वचा आतून अजून कच्चीच असते. पाण्याचे फोड, पू दिसला किंवा दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.