असंतुलन मोजताना भागायचं कशाने?

रेल्वेच्या लोडमुळे ग्रिडच्या तीन फेजांच्या व्होल्टेजमध्ये किती असंतुलन येतं, हे काढताना तुम्ही २० एमव्हीए लोडला ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेने भागलंत. सुरुवातीला ही चूक हमखास होते. ट्रॅक्शन ट्रान्सफॉर्मर ग्रिडच्या दोनच फेजांवर बसतो, त्यामुळे व्होल्टेजचं असंतुलन ठरतं ते त्या जोडबिंदूच्या थ्री-फेज फॉल्ट लेव्हलवर, म्हणजे तिथे शॉर्ट सर्किट झालं तर ग्रिड किती एमव्हीए पुरवेल त्यावर. ती १००० एमव्हीए धरून लोडला तिने भागा:

२० ÷ १००० = २ टक्के.

आता एक लाइन दुरुस्तीला काढली आणि फॉल्ट लेव्हल ६०० एमव्हीएवर आली, असं धरा. तीच गाडी, तोच लोड, पण असंतुलन ३.३ टक्के! म्हणून हिशोब नेहमी सर्वांत कमी फॉल्ट लेव्हलवर करा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

२ टक्के किरकोळ वाटतात, पण शेजारच्या इंडक्शन मोटरला विचारा. असंतुलनातून उलट्या फेजक्रमाचं निगेटिव्ह सिक्वेन्स व्होल्टेज तयार होतं. त्याला तिचा इम्पीडन्स फारच कमी असतो, त्यामुळे करंटचं असंतुलन सहज १० टक्क्यांच्या वर जातं आणि रोटर तापतो.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा:

- फेज-न्यूट्रल नव्हे, तिन्ही लाइन-टू-लाइन व्होल्टेज घ्या.
- एका क्षणाच्या आकड्यावर जाऊ नका, गाडी निघून गेली की तो बदलतो. १० मिनिटांच्या सरासरीच्या नोंदी आठवडाभर घ्या.

या नोंदी हातात येईपर्यंत, लोड तिन्ही फेजांवर वाटून असंतुलन कमी करणाऱ्या स्कॉट ट्रान्सफॉर्मरकडे वळू नका.