माझा डेस्कटॉप चार वर्षांचा आहे. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने कशी काढायची? आणि ती किती दिवसांनी बदलावी, दर वर्षी?

दर वर्षी मुळीच नाही. डेस्कटॉपवर बरी पेस्ट चार-पाच वर्षं सहज टिकते, कधी त्याहूनही जास्त. लॅपटॉपमध्ये ती लवकर जाते, कारण तिथे चिपवर धातूचं झाकण नसतं. चिप तापते-निवते, दर वेळी किंचित फुगते-आकसते, आणि पेस्ट मधून कडेला ढकलली जाते. म्हणून तारीख बघू नका, तापमान बघा. मशीन नवं असताना किंवा पेस्ट बदलल्यावर, दहा मिनिटं पूर्ण लोड देऊन किती अंश होतात ते लिहून ठेवा. पुढे तोच लोड, साधारण तितकंच खोलीतलं तापमान, आणि आकडा दहा-पंधरा अंशांनी चढलेला दिसला, तर काहीतरी बिघडलंय.

पण ते 'काहीतरी' बहुतेकदा धूळ असते. माझ्या पाच वर्षांच्या मशीनवर लोडखाली ९३ अंश दिसत होते आणि प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करत होता. आधी हीटसिंकच्या पट्ट्यांमधली धूळ काढली, तेवढ्यानेच ८५ वर आलं. मग हीटसिंक उचलला, तर झाकणाच्या मधोमध धातू जवळजवळ उघडा आणि भोवती खडूसारख्या कोरड्या पेस्टचं कडं. ती पुसून नवी लावली आणि त्याच चाचणीत ७४ मिळाले. धूळ काढून आकडा पूर्वीच्या जागी आला असता, तर मी पेस्टला हात लावला नसता. मात्र एकदा हीटसिंक उचलला की जुनी पेस्ट परत वापरायची नाही. तिच्यात हवेच्या पोकळ्या राहतात, आणि त्या भरण्यासाठीच तर पेस्ट असते.

उचलण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा. गरम पेस्ट मऊ असते. हीटसिंक सरळ वर ओढू नका, डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. ज्या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात (एएमडीचं एएम४ सॉकेट), तो घट्ट चिकटलेल्या हीटसिंकबरोबर सॉकेट बंद असतानाही उपटून येऊ शकतो आणि पिना वाकतात. डेस्कटॉप चार वर्षांचा म्हणजे तुमचा तसा असू शकतो, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

अल्कोहोल ९० टक्क्यांच्या वरचं घ्या, ९९ मिळालं तर उत्तम. ७० टक्केवाल्यात उरलेलं पाणी असतं, ते सावकाश वाळतं. सुगंध किंवा तेल मिसळलेलं चालणार नाही, त्याचा पातळ थर मागे राहतो. हे अल्कोहोल चटकन पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि जवळ ज्योत नको.

आता मुख्य गोष्ट. पेस्ट म्हणजे सहसा सिलिकॉन तेलात मिसळलेली बारीक पूड, झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनाची. अल्कोहोल पूड विरघळवत नाही, फक्त तिची पकड सैल करतं. त्यामुळे जोरात घासण्यापेक्षा भिजवून थांबणं जास्त कामाचं. आधी वरची जाड पेस्ट कोरड्या कापडाने टिपून घ्या. मग धागे न सुटणाऱ्या कापडावर (कॉफी फिल्टरही चालतो) दोन-तीन थेंब घ्या. बाटली थेट प्रोसेसरवर ओतू नका. ओलं कापड अर्धा मिनिट झाकणावर ठेवा आणि कडेकडून मध्याकडे पुसा, म्हणजे मळ सॉकेटकडे जाणार नाही. कापडाची जागा दर वेळी बदला, नाहीतर तीच पूड परत पसरते. फारच वाळली असेल तर प्लास्टिक कार्डाची कड वापरा. स्क्रूड्रायव्हर नको, ओरखडे पडतात. हीटसिंकचा तळही असाच पुसा. कापड करडं व्हायचं थांबलं की झालं. त्यानंतर बोट लावू नका, बोटाचं तेल लागतं. एखादं मिनिट वाळू द्या.

नवी पेस्ट मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी लावा, हीटसिंकच्या दाबाने ती पसरते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा.

एक अपवाद: उचलल्यावर खाली चकाकणारा पाऱ्यासारखा पातळ धातू दिसला, तर ते लिक्विड मेटल आहे. ते वीज वाहून नेतं, आणि पुसताना एक थेंब जरी बोर्डवर ओघळला तरी शॉर्ट होऊ शकतं. तिथे वरची रीत वापरू नका.