सालिम, किल्ली आणि आठ क्रियापदं

प्रश्न : अरबी नुकतीच शिकायला घेतली आहे. फक्त वर्तमानकाळातली क्रियापदं आणि मोजके शब्द वापरून छोटी गोष्ट लिहायची आहे. कशी लिहू? किती शब्द लागतील?

सव्वीस शब्दांत होते. मी केली आहे. त्या पानावर लाल शाईची रेघ मारली गेली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बारा वर्षांपूर्वी मस्कतला एका गोदामात हिशेबाचं काम करत होतो आणि शनिवारी संध्याकाळी अरबीच्या वर्गाला जात होतो. आमचे सर जुन्या वळणाचे. पहिले दोन महिने भूतकाळाची चौदा रूपं घोकून घेतली. ज़हबा, ज़हबा दीर्घ, ज़हबू... एकही वाक्य नाही. मला उच्चार येत होते, पण अरबीत साधं ‘दार बंद आहे’ म्हणता येत नव्हतं. तेव्हा मी एका रात्री बसून स्वतःच गोष्ट लिहिली, आत्ता येतं तेवढ्यात. ती अशी, आज मी ती जशी लिहीन तशी :

हाज़ा रजुल. इस्मुहू सालिम. इंदहू दुक्कान सग़ीर.
यज़हबु सालिम इलद्-दुक्कान. अल-बाबु मुग़्लक़.
यबहसु सालिम अनिल-मिफ़्ताह. ला यजिदुहू.
यजलिसु सालिम अलल-कुर्सी अमामद्-दुक्कान.
तज़हबु मरयम इलद्-दुक्कान. तंज़ुरु इला सालिम.
तक़ूलु : अल-मिफ़्ताहु फ़ी यदिक!
यद्हकु सालिम व मरयम. यफ़्तहु सालिम अल-बाब.

हा एक माणूस. त्याचं नाव सालिम. त्याचं छोटं दुकान आहे. सालिम दुकानाकडे जातो. दार बंद. तो किल्ली शोधतो, सापडत नाही. दुकानासमोर खुर्चीवर बसतो. मरयम दुकानाकडे जाते, त्याच्याकडे बघते आणि म्हणते, किल्ली तुझ्या हातात आहे! दोघं हसतात. तो दार उघडतो.

दोन माणसांची नावं सोडली तर क्रियापदं आठ, नामं सात, विशेषणं दोन आणि ‘कडे’, ‘वर’, ‘समोर’, ‘नाही’ असले बारके शब्द नऊ. नामांपैकी ‘दुक्कान’ आणि ‘कुर्सी’ मराठी माणसाला शिकावेच लागत नाहीत, दुकान आणि खुर्ची तिथूनच आपल्याकडे आली. यादी करताना असे शब्द आधी घ्या. कलम, किताब, वकील, सगळे तिथले.

सर म्हणाले, ही गोष्ट नाही. गोष्ट ‘काना’ने सुरू होते, म्हणजे ‘होता’ने. वर्तमानकाळात नुसती वाक्यं होतात. आणि पूर्ण पानावर तिरकी रेघ.

मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. गोष्टीला अडचण लागते आणि ती सुटावी लागते. त्यासाठी भूतकाळ कशाला? शिवाय अरबीत ‘आहे’ला शब्दच लागत नाही. ‘अल-बाबु मुग़्लक़’ म्हणजे शब्दशः ‘दार बंद’, आणि वाक्य पुरं झालं. ‘किल्ली हातात’ हेही तसंच. ‘त्याने किल्ली हरवली’ म्हणायला भूतकाळ हवा, पण ‘ती त्याला सापडत नाही’ म्हटलं की ‘ला’ आणि ‘यजिदु’त काम होतं. जिथे जिथे तुम्हाला ‘झालं होतं’ लिहावंसं वाटेल तिथे आधी बघा, ती गोष्ट आत्ता कशी दिसते. बंद, रिकामं, थकलेला, बसलेला. अशा विशेषणांत भूतकाळ मावतो.

दुसरी मोठी सोय अशी की गोष्टीत तो आणि ती एवढेच असतील तर आरंभीचं एकच अक्षर बदलायचं. यज़हबु म्हणजे तो जातो, तज़हबु म्हणजे ती जाते. आपल्याकडे ‘जातो-जाते’त हा फरक शेवटी ऐकू येतो, तिथे सुरुवातीला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला क्रियापदात लिंग म्हणजे नवीन ओझं वाटतं, आपल्याला नाही. मात्र एक सांभाळा : ‘तज़हबु’चा अर्थ ‘तू जातोस’ असाही होतो. नवशिक्या वाचकाचा गोंधळ होतो. म्हणून मरयमच्या तोंडी मी क्रियापदच ठेवलं नाही.

आता खरी चूक सांगतो. माझ्या मूळ पानावर शेवट असा होता : ‘सालिम व मरयम यद्हकून’. सरांनी रेघ सगळ्या पानावर मारली, त्यामुळे चूक नेमकी कुठे आहे ते मला कळलंच नाही. आठवडाभराने गोदामातल्या ओमानी सहकाऱ्याला पान दाखवलं. त्याने मोठ्याने वाचलं आणि किल्ली हातात आहे तिथे आला तेव्हा खळखळून हसला. गोष्ट झाली होती, मला आणखी पुरावा नको होता. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, हे दोघेच आहेत ना? दोघांना ‘यद्हकून’ म्हणत नाहीत.

अरबीत दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. कर्ता आधी आला तर ‘यद्हकानि’ लिहावं लागतं, ‘यद्हकून’ तीन किंवा जास्त माणसांना. पण क्रियापद आधी ठेवलं तर कर्ते कितीही असोत, ते एकवचनीच राहतं : ‘यद्हकु सालिम व मरयम’. त्याने दोन शब्दांची जागा बदलली आणि मला न येणारं रूप टळलं. तेव्हापासून मी नवशिक्यांना सांगतो, वाक्य क्रियापदाने सुरू करा. अरबीला ते साजतंही. हे दोन महिन्यांत वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक फसवी जागा. ‘त्याला उघडायचंय’ असं लिहायला गेलात की ‘युरीदु अन यफ़्तहा’ होतं. काळ वर्तमानच, पण ‘अन’नंतर शेवटचा ‘उ’ जाऊन ‘आ’ येतो. म्हणून पहिल्या गोष्टीत हवं-नको, जमतं-जमत नाही टाळा. माणसांना थेट कृती करू द्या.

सरांच्या बाजूचंही एक मान्य करतो. मूळ धातूंनुसार लावलेल्या कोशात शब्द भूतकाळाच्या रूपाने सापडतो. ‘यजिदु’ शोधाल तर मिळणार नाही, तो ‘वजदा’खाली आहे. ‘यक़ूलु’ ‘क़ाला’खाली. आणि मधला स्वर अंदाजाने काढता येत नाही, ज़हबाचं यज़हबु पण जलसाचं यजलिसु. तेव्हा यादीत दोन्ही रूपं शेजारी लिहा, पाठ एकच करा. हेही लक्षात ठेवा की ही लिखित अरबी आहे. बाजारात ‘यज़हबु’च्या जागी बहुधा ‘यरूह’ ऐकू येईल.

पुढे भूतकाळ शिकलात की हीच गोष्ट पुन्हा लिहा. ज़हबा सालिम, जलसा सालिम, सरळ होत जाईल. मग ‘त्याला सापडली नाही’ या वाक्यापाशी याल, आणि तिथे प्रचलित रूप असं आहे : ‘लम यजिद्हु’. ‘लम’ आणि पुढे यजिदु, फक्त शेवटचा ‘उ’ गळलेला. भूतकाळातलं ‘नाही’सुद्धा वर्तमानाच्याच रूपावर उभं आहे. हे मला त्या वर्गात, त्या दिवशी सांगायचं होतं.