‘पंप – टाकी’ म्हणजे काय?

प्रश्न: सरांनी शिफारसपत्रासाठी सात-आठ तुटक मुद्दे लिहून दिलेत आणि ‘यावरून तूच मसुदा कर’ म्हणाले. अमेरिकेत एमएसला अर्ज करतोय. कसं लिहू?

मुद्दे तरी मिळाले, नशीब समजा. आमच्या मेकॅनिकल विभागात अशा चिठोऱ्यांवरून पत्रं लिहायचं काम माझ्याकडे असायचं. सही विभागप्रमुखांची.

एका मुलीच्या वेळी पाठकोऱ्या कागदावर एवढंच होतं: ‘नियमित. पंप – टाकी. प्रोजेक्ट ठीक. इंग्रजी बरं.’ पंप-टाकी म्हणजे काय, सरांनाच आठवेना. “लिही की रे, सिन्सिअर, हार्डवर्किंग, आउटस्टँडिंग!”

मी लॅबमधल्या मामांना गाठलं. त्यांना लख्ख आठवत होतं. सेंट्रिफ्यूगल पंपाच्या प्रयोगात मोजटाकीतली पातळी १० सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागतात, त्यावरून प्रवाह काढतात. हिच्या गणितात पंपाची कार्यक्षमता सगळ्यांपेक्षा कमी यायची, कारण बाकीच्यांनी आकडे सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेले. शेवटी ही पंप बंद करून भरलेल्या टाकीकडे नुसती बघत बसली. व्हॉल्व्ह घट्ट बंद, तरी मिनिटाभरात पातळी २ सेंटिमीटर खाली! गळणारं पाणी हिशेबात धरून तिने सगळं गणित पुन्हा केलं.

पत्राचा मधला अख्खा परिच्छेद मी यावर खर्च केला. ‘नियमित’ उडवलं, ‘इंग्रजी बरं’ही उडवलं, त्याला टोफेल आहे. प्रोजेक्टवर तिचे गाइड लिहिणारच होते. सर भडकले, “गळक्या टाकीवर एवढं? कॉलेजची अब्रू काढतोस?” वर फॉर्ममध्ये त्यांना ‘टॉप १ टक्का’वर टिक हवी होती. ६० जणांच्या वर्गात १ टक्का म्हणजे अख्खा एक माणूसही होत नाही, आणि त्या वर्षी सरांनी ती तिघांना दिली होती! मी ५ टक्क्यांवर अडून बसलो. पुढे कितीतरी महिने आमचं बोलणं कामापुरतंच होतं. माझं मत आजही तेच आहे.

तेव्हा प्रत्येक मुद्द्याखाली दोन ओळी लिहा: कुठल्या सेमिस्टरला, नेमकं काय केलं, काय निघालं. ज्याखाली काहीच सुचत नाही तो मुद्दा सोडा. विशेषणं आणि इतर विद्यार्थ्यांशी तुलना सरांवर सोडा, ती तुम्ही लिहिलीत की लगेच ओळखू येते. दुसऱ्या सरांच्या पत्रातही तुमचीच वाक्यं गेली, तर दोन्ही पत्रं वाया.

हां, एक राहिलंच. पत्र अर्जदाराने लिहायचं नाही असं काही विद्यापीठं स्पष्ट सांगतात. तशी अट असेल तर मसुदा नको, ही टिपणंच सरांना द्या आणि पत्र त्यांना लिहू द्या. अपलोडची लिंक त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवर जाते. ती बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, तेवढं मात्र त्यांना आठवणीने बघायला सांगा.