बँकेचा मेसेज खरा की खोटा?

प्रश्न: ‘आज रात्री खातं बंद होईल, केवायसी करा’ असा मेसेज बँकेच्या नावानं आलाय. खाली लिंक आहे. खरा कसा ओळखू? (कोल्हापूर)

खोटाच धरा आणि लिंकला हात लावू नका. राजारामपुरीतल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात लोक असे मेसेज दाखवायला आणतात. बहुतेक साध्या दहा आकडी नंबरवरून आलेले असतात, आणि घाई सगळ्यांत असते. लिंक नुसती वाचा. परवा एकात अशी होती:

`bank.in.kyc-khate.xyz/login`

सुरुवातीला `https://` असेल तर ते सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. इथे `kyc-khate.xyz` आहे, म्हणजे साइट त्याची; सुरुवातीचं `bank.in` नुसता मुखवटा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार आपल्या बँकांचे पत्ते `.bank.in` नं संपायला हवेत.

मात्र पत्ता बरोबर दिसला तरी तेवढ्यावर विसंबू नका, पाठवणाऱ्याचं नावही नकली दाखवता येतं. खात्री करायला बँकेचं ॲप स्वतः उघडा, नाहीतर कार्डाच्या मागचा नंबर लावा. गूगलवर नंबर शोधू नका, तिथेही खोटे कस्टमर केअर नंबर टाकलेले असतात. शाखा जवळ असेल तर पासबुक घेऊन सरळ जा. ओटीपी दिला गेला असेल तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.