उलटीनंतरचा घसा आणि गेलेला आवाज: नवव्या आठवड्यातल्या एका बाईंना पत्र

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. गरोदरपणाचा नववा आठवडा, सकाळी तीन-चार उलट्या, घसा सोलल्यासारखा, आणि शाळेत तिसऱ्या तासाला आवाज इतका बसतो की मागच्या बाकावरची पोरं ऐकू येत नाही म्हणतात. सासूबाई ज्येष्ठमधाची कांडी चघळायला देतायत, शेजारची कोकम सरबत पाजतेय, मेडिकलवाल्याने गुळण्यांची बाटली दिलीय आणि तरी काही फरक नाही. मी इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, त्यात अशा कितीतरी पोरी बघितल्या आणि बहुतेकींच्या बाबतीत एकच गोष्ट होती, घसा बिघडवणारा उपाय त्या घशासाठीच घेत होत्या. म्हणून सविस्तर लिहितेय, शाळेतून आल्यावर आडवी न होता बसून वाच.

आधी हे नक्की करू की हा घसा कसला आहे. तुला ताप नाही, गळ्याला गाठी नाहीत, सर्दी नाही, दुखणं उलटीनंतर लगेच जास्त आणि संध्याकाळपर्यंत जरा कमी होतं, म्हणजे हा इन्फेक्शनचा घसा नाही, भाजलेला घसा आहे. पोटातलं अ‍ॅसिड चांगलंच जहाल असतं, पोटाच्या आतल्या अस्तराला ते सोसतं पण घशाला आणि स्वरयंत्राला नाही सोसत. उलटीबरोबर ते वर येतं तेव्हा स्वरयंत्रातल्या पडद्यांवर उडतं, ते सुजतात, नीट मिटत नाहीत, आणि आवाज घोगरा होतो. वर जोर लावून ओकारी काढताना पडद्यांवर आणखी ताण येतो तो वेगळाच. आणि एक गोष्ट फार कुणी सांगत नाही, अ‍ॅसिडबरोबर पोटातलं पेप्सिन नावाचं पाचक द्रव्यही वर येतं, ते घशाच्या आतल्या ओल्या कातडीला चिकटून राहू शकतं आणि नंतर घशात काही आंबट गेलं की पुन्हा कामाला लागतं. त्यामुळे उलटी झाली सकाळी सहाला आणि घसा पेटला अकराला सरबत प्यायल्यावर, असं होतं.

म्हणून कोकम बंद. मला माहितीय आपल्याकडे पित्त म्हटलं की पहिलं आगळच आठवतं, आणि एरवी उन्हातून आलं की मीही तेच देते, पण कोकम आंबट आहे आणि भाजलेल्या घशावर आंबट म्हणजे जखमेवर लिंबू. सोलकढी, लिंबू सरबत, कैरीचं पन्हं, आंबट ताक, चिंचेची आमटी, हे सगळं घसा नीट होईपर्यंत बाजूला ठेव. आंबटाची इच्छा होणार हे मान्य, अगदी राहवलं नाही तर जेवणात मिसळलेलं थोडं खा, पण उलटीनंतरच्या दोन-तीन तासांत नको आणि रिकाम्या पोटी घोट घोट तर मुळीच नको. सोडावाली थंड पेयं आणि कडक चहाही तसाच.

आता उलटी झाल्या झाल्या पहिला अर्धा तास, हाच खरा महत्त्वाचा. न्हाणीघरात आधीच एक कप साधं पाणी भरून ठेव आणि त्यात एक छोटा चमचा खायचा सोडा विरघळव, केकला घालतो तो. फ्रूट सॉल्ट चालणार नाही, त्यात सायट्रिक अ‍ॅसिड असतं. उलटी थांबली की आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भर, मग सोड्याच्या पाण्याने गुळणी कर, मान थोडी मागे करून हळू, घशापर्यंत पोचेल अशी, आणि थुंकून टाक. गिळायचं नाही, सोड्यात मीठासारखंच सोडियम असतं, रोज चार वेळा पोटात जाणं तुला बरं नाही. मग साधं पाणी छोटे छोटे घोट, एकदम तांब्या तोंडाला लावलास तर पुढची उलटी ठरलेली. आणि ब्रश लगेच करू नकोस, अ‍ॅसिडने दातांचं वरचं आवरण तेवढ्या वेळापुरतं मऊ होतं, त्यावर ब्रश घासला की झिजतं, निदान अर्धा तास थांब, तासभर थांबलीस तर आणखी बरं. ब्रश केल्यावरच ओकारी येते म्हणालीस ना, मग लहान मुलांचा छोटा ब्रश घे आणि पेस्टचा वास सहन होत नसेल तर नुसत्या पाण्याने कर.

दिवसभर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालतील, पेलाभर पाण्यात अर्धा छोटा चमचा, कोमट म्हणजे अगदी कोमट, कढत नको. मध चालतो, गरोदरपणात मधाचं काही वावडं नाही (वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचा नसतो, त्यामुळे लोकांची गल्लत होते), चमचाभर मध घशावरून हळू उतरू दे. वाफ घ्यायची तर नुसत्या पाण्याची, पाचेक मिनिटं, चेहरा भांड्यापासून लांब धरून, त्यात बाम-बिम काही टाकायचं नाही.

आता सासूबाईंच्या ज्येष्ठमधाचं. त्यांची माया आहे त्यात आणि आवाज बसला की आपल्याकडे तोच देतात, पण पोटुशी असताना ज्येष्ठमध नको. त्यात ग्लायसिऱ्हिझिन म्हणून द्रव्य असतं, त्याने ब्लडप्रेशर वाढू शकतं, शरीरातलं पोटॅशियम कमी होतं (आणि उलट्यांनी ते आधीच कमी होत असतं), शिवाय ते बाळाकडे जाणाऱ्या स्टिरॉइडला अडवणारी व्यवस्था ढिली करतं. एखादी कांडी चघळली म्हणून घाबरून जाऊ नकोस, पण रोजची चालू ठेवू नकोस. सासूबाईंना सरळ सांग, नर्समावशीने बाळंतपण होईपर्यंत थांबवलंय, माझ्यावर ढकल. आणि मेडिकलवाल्याची ती तपकिरी गुळण्यांची बाटली बघ, पोविडोन आयोडीन लिहिलेलं असेल तर परत कर, त्यातलं आयोडीन अंगात शोषलं जातं आणि बाळाच्या थायरॉइडवर परिणाम करू शकतं, आणि तसंही तुझ्या घशात मारायला जंतू नाहीत. घसा फार ठणकला तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घे, पण आयब्युप्रोफेन वगैरे पेनकिलर मनाने घ्यायच्या नाहीत.

खरं औषध मात्र उलट्या कमी करणं हेच आहे, नाहीतर आपण एका हाताने लावतोय आणि दुसऱ्या हाताने पुसतोय. पोट अगदी रिकामं असलं की नुसतं जहाल पाणी वर येतं, ते घशाला जास्त लागतं. म्हणून उशाशी डब्यात कुरमुरे किंवा कोरडं टोस्ट ठेव, डोळे उघडले की पडल्या पडल्या थोडं खा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठ. मग उकड्या तांदळाची पेज, पातळ, कोमट, चिमूटभर मीठ घालून, एकदम वाडगाभर न घेता अर्धी वाटी, आणि परत दोन तासांनी. शाळेत थर्मासमधून ने. पेजेसारखं घशाला मऊ दुसरं काही नाही आणि पाणी, मीठ, भात सगळं एकात मिळतं. शहाळ्याचं पाणी चालेल, घोट घोट. आलं मळमळीला चांगलं पण सोललेल्या घशाला झोंबतं, त्यामुळे तुकडा चावू नकोस, पेजेत थोडासा कीस उकळव. आणि घरात सुकट भाजायची असेल, बांगडा तळायचा असेल तर तेवढा वेळ तू मागच्या पडवीत जाऊन बस, त्या वासाने उलटी होते हे तुझं तूच लिहिलंयस, मग चुलीपाशी उभं राहायची सक्ती कुणी करू नये. रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून ती बाजू सहा इंच उंच कर, नुसत्या उश्यांनी मान वाकते आणि पोट दबतं.

इतकं करूनही रोज तीन-चार उलट्या होत असतील तर सहन करत बसू नकोस, डॉक्टरांना गोळी माग. डॉक्सिलामाइन आणि बी-६ ची एकत्र गोळी असते, गरोदरपणात बरीच वर्षं वापरात आहे, साधारण रात्री देतात म्हणजे सकाळपर्यंत असर होतो, झोप जरा येते. डोस डॉक्टर ठरवतील. लोहाची गोळी आत्तापासूनच चालू केली असेल तर तेही सांग, तिने मळमळ वाढते, आपल्याकडे ती सहसा पहिले तीन महिने झाल्यावरच देतात. फॉलिक अ‍ॅसिड मात्र सोडू नकोस.

आवाजाचं. कुजबुजत शिकवतेस म्हणालीस, ते बंद कर, कुजबुजताना बऱ्याच जणींच्या स्वरयंत्रावर उलट जास्त ताण येतो. बोलायचं तर हळू पण खऱ्या आवाजात, पोरांना जवळ गोल करून बसव. सारखं खाकरू नकोस, खाकरलं की सुजलेले पडदे एकमेकांवर आपटतात, घशात अडकल्यासारखं वाटलं की पाण्याचा घोट घे आणि गीळ. पहिले दोन तास पाठांतर, शुद्धलेखन, फळ्यावरचं काम ठेव आणि बोलायचे विषय दुपारी घे, तुझा घसा दुपारी बरा असतो. परिपाठ दुसऱ्या बाईंकडे दे काही आठवडे. बहुतेकींच्या उलट्या बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरतात, आणि उलट्या थांबल्या की आवाजही आपोआप सुधारतो.

पण काही वेळा घरी थांबायचं नसतं. दिवसभरात पाण्याचा घोटही टिकत नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा अगदी गडद पिवळी होतेय, उभं राहिलं की अंधारी येते, वजन झरझर उतरतंय, मग त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठ, सलाईन आणि लघवीतले कीटोन तपासणं लागतं. जोराच्या ओकारीनंतर थुंकीत रक्ताची बारीक रेघ दिसली तर ती घशाच्या ओरखड्याची असू शकते, तरी डॉक्टरांच्या कानावर घाल, पण रक्त घोटभर असेल, गाठी असतील किंवा उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट असेल तर लगेच निघ, रात्र असली तरी. उलटीनंतर छातीत अचानक जोराची कळ आली, श्वास घेताना आवाज यायला लागला, थुंकी गिळता येईना, तरी तसंच. ताप आला किंवा घशात पांढरे ठिपके दिसले तर तो घसा वेगळा, तो तपासून घे. आणि उलट्या थांबून तीन-चार आठवडे झाले तरी आवाज घोगराच असेल तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे जायचं, ते दुर्बिणीने स्वरयंत्र बघतात, बाळाला त्याचा काही त्रास नाही.

येत्या तपासणीला जाताना एका कागदावर लिहून ने, दिवसाला किती उलट्या, किती वाजता, पाणी किती टिकतं, लघवी कितीदा, वजन आधी किती आणि आता किती, आणि आत्तापर्यंत घेतलेली सगळी औषधं, काढे, कांड्यासुद्धा. नवऱ्याला बरोबर घे, कागद त्याला वाचायला लाव, तुझा आवाज त्या दिवशीच्या तासांना लागेल.

तुझी मावशी