टीडीएस उशिरा भरल्याची 276बी नोटीस: कंपाउंडिंगचा अर्ज कसा तयार करावा?

प्रश्न: आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, भागीदारी फर्म. 2022-23 मध्ये जॉबवर्कवाल्यांचा टीडीएस कापला, पण भरायला उशीर झाला. नंतर व्याजासकट सगळा भरला. आता आयकर कायद्याच्या कलम 276बी खाली खटला का भरू नये अशी नोटीस आली आहे. पैसे भरून हे मिटतं म्हणतात. अर्ज कसा करायचा? एकूण टीडीएस चार लाख होता.

उत्तर: मिटतं. पण आधी नोटिशीत उत्तराची तारीख काय दिली आहे ते पाहा. कंपाउंडिंगचा, म्हणजे ठरलेली रक्कम भरून गुन्हा मिटवण्याचा, अर्ज दिला म्हणून ती तारीख आपोआप पुढे जात नाही. उत्तर वेगळं द्यायचं आणि अर्ज वेगळा करायचा. उत्तरात "सोबत अर्ज करत आहोत" एवढं एक वाक्य टाकायचं.

तुम्ही टीडीएस व्याजासह भरलात तरी गुन्हा पुसला जात नाही. कापलेला पैसा सरकारचा असतो आणि तो वेळेत न भरणं हाच 276बी चा गुन्हा आहे. ऑक्टोबर 2024 पासून त्या तिमाहीच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत टीडीएस भरला तर खटला होत नाही, अशी सवलत कायद्यात आली आहे. तुमची चूक त्याआधीची असल्याने तिच्यावर भिस्त ठेवू नका.

मात्र आयकर खात्याच्या 2019 च्या परिपत्रकाचा उपयोग होऊ शकतो. रक्कम 25 लाखांपर्यंत आणि उशीर 60 दिवसांपेक्षा कमी असेल तर, सवयीचा थकबाकीदार वगैरे अपवाद सोडता, खटल्याची प्रक्रिया सुरू करत नाहीत. दोन्ही अटी एकत्र लागतात. रक्कम छोटी आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात, कारण उशीर सहा महिन्यांचा असतो.

आता हिशोब. तुम्ही तपशील दिलेला नाही, म्हणून चार लाखांची फोड मी धरतो. 30 जून 2022 ला 1,20,000, 31 ऑगस्टला 80,000 आणि 31 ऑक्टोबरला 2,00,000 कापले, तिन्ही 12 डिसेंबरला भरले. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची 7 तारीख, म्हणून उशीर अनुक्रमे 158, 96 आणि 35 दिवस. म्हणजे परिपत्रकाच्या छत्राखाली फक्त तिसरी नोंद येते.

कंपाउंडिंगचा दर 17 ऑक्टोबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दरमहा दीड टक्का आहे. पूर्वी दोन, तीन, पाच टक्के असे दर होते. महिने मोजताना कापल्याच्या तारखेपासून भरल्याच्या तारखेपर्यंत, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना. ट्रेसेस हे आयकर खात्याचं टीडीएसचं पोर्टल तर कॅलेंडरचे महिने धरतं: 30 जूनला कापलं तरी जून एक महिना आणि 12 डिसेंबरला भरलं तरी डिसेंबर एक. त्या मोजणीने सात, पाच आणि तीन महिने होतात, रक्कम 12,600, 6,000 आणि 9,000, एकूण 27,600. तुम्ही कलम 201(1ए) खाली उशिराचं व्याज भरलंत तेही याच दराने, म्हणून साधारण तेवढंच पुन्हा भरायचं असं समजा. अंतिम आकडा अर्थात आयकर खातंच कळवेल.

अर्जाचं शुल्क एका गुन्ह्याच्या अर्जाला 25,000 आणि एकत्रित अर्जाला 50,000. ते परत मिळत नाही, पण कंपाउंडिंगच्या रकमेत वळतं होतं. वरच्या उदाहरणात 25,000 चं शुल्क धरलं, तर तुम्हाला शेवटी 2,600 च जास्त द्यावे लागतील. म्हणूनच तिसरी नोंद अर्जातून वगळण्याचा मोह करू नका. वगळली तर रक्कम 18,600 होते, शुल्क तर 25,000 गेलेलंच, आणि ती एक नोंद मागे उघडी राहते. परिपत्रकाचा मुद्दा नोटिशीच्या उत्तरात मांडा, अर्जात मात्र तिन्ही नोंदी ठेवा.

अर्ज विहित नमुन्यात, प्रतिज्ञापत्राच्या रूपात करायचा. नमुन्यात शंभरचा स्टॅम्प लिहिला आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून किमान 500 चा झाल्याने तोच घ्या. सक्षम अधिकारी मुख्य आयुक्तांच्या पातळीवरचे असतात, आपल्या भागाचं काम पुण्याला जातं. नोटीस पाठवणाऱ्या टीडीएस अधिकाऱ्याला प्रत द्या, कारण अहवाल त्याच्याकडूनच मागवतात.

अर्जाचा खरा जीव सोबतच्या तक्त्यात आहे. प्रत्येक नोंदीसाठी कलम, कापल्याची तारीख, भरण्याची मुदत, भरल्याची तारीख, चलन क्रमांक व बीएसआर कोड, महिने, व्याज आणि व्याजाचं चलन एका ओळीत यायला हवं. हा तक्ता तुमच्या टॅक्स ऑडिटच्या फॉर्म 3सीडी मधल्या कलम 34 शी रुपया-रुपया जुळवा. उशिराची माहिती तिथे तुमच्याच ऑडिटरने लिहिलेली असते आणि अधिकारी तीच उघडून बसतो. दोन्हीत फरक असेल तर कारण एका टिपेत आधीच लिहा.

दुसरं, ट्रेसेसवर त्या वर्षाची थकबाकी शून्य आहे का ते पाहा. सूचनांनुसार कर, व्याज, दंड आणि संबंधित इतर रक्कम आधी भरलेली असावी लागते. बहुतेक अर्ज इथे अडकतात: व्याज मोजताना एक महिना कमी धरला, विवरणपत्र उशिरा भरल्याचं 234ई चं विलंब शुल्क राहिलं, किंवा चलन चुकीच्या वर्षात पडलं. तुम्हाला "सगळं भरलंय" वाटतं आणि ट्रेसेसच्या थकबाकी दाखवणाऱ्या जस्टिफिकेशन रिपोर्टमध्ये 310 रुपये दिसतात. ते आधी भरा, मग अर्ज करा. कंपाउंडिंगचे पैसे भरण्याची आणि या बाबतचं अपील असल्यास मागे घेण्याची हमी अर्जात द्यावी लागते.

कारणांचं निवेदन एका पानाच्या आत ठेवा. "मंदी होती" हे सगळेच लिहितात. त्यापेक्षा मोठ्या ग्राहकाचं पेमेंट कधी अडकलं आणि बँकेच्या कॅश क्रेडिट म्हणजे सीसी खात्याची मर्यादा कधी भरली, हे बँक उताऱ्यावर खूण करून दाखवा. पण त्याच काळात भागीदारांनी उचल घेतली असेल, तर उतारा देण्याआधी दोनदा विचार करा. अधिकारीही तोच कागद वाचणार आहे. 278एए खालचा "वाजवी कारण" हा बचाव नोटिशीच्या उत्तरात घ्या. अर्जाचा सूर भांडणाचा नसावा, कारण कंपाउंडिंग हा तुमचा हक्क नाही, त्यांचा निर्णय आहे.

नोटीस भागीदारांच्या नावानेही असेल तर अर्जात सगळ्यांची नावं घ्या. नव्या सूचनांनुसार फर्मने रक्कम भरली की सह-आरोपींचंही मिटतं, त्यांचं वेगळं शुल्क नाही. अर्जावर सही करणाऱ्याच्या नावे बाकी भागीदारांचं अधिकारपत्र लावा.

मंजुरीचं पत्र आलं की ते ज्या महिन्यात मिळालं त्या महिन्याच्या अखेरीपासून एक महिन्यात पैसे भरायचे. दरम्यान कोर्टात तक्रार दाखल झाली तरी अर्ज चालतो, फक्त वकिलामार्फत कोर्टाला कळवा. दुरुस्त होण्यासारख्या त्रुटीमुळे अर्ज फेटाळला गेला, तर त्रुटी काढून पुन्हा करता येतो.